तक्ता क्रमांक १ : सहसंबंधांचा जिना कसा बांधावा आणि कसा वाचावा

मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा व्यवस्थापन या विषयांतील सर्वेक्षणावर आधारलेला शोधनिबंध उघडला, तर निष्कर्षांच्या विभागात बहुधा पहिलाच तक्ता जिन्यासारखा दिसतो. डावीकडे काही नावे, त्यांच्यापुढे दोन स्तंभ, आणि मग पायरीपायरीने रुंद होत जाणारे दशांश आकडे. काहींच्या डोक्यावर एक तारा, काहींच्या दोन. नवखा वाचक हा तक्ता ओलांडून थेट चर्चेच्या विभागात जातो. नवखा संशोधक याहून मोठी चूक करतो, ती म्हणजे संगणकाने जे छापून दिले ते जसेच्या तसे प्रबंधात चिकटवतो. प्रबंधांचे कच्चे मसुदे वाचण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि एखाद्याने आपली माहिती खरोखर हाताळली आहे की नुसती बटणे दाबली आहेत, हे मला याच तक्त्यावरून सर्वांत आधी कळते.

डायरीच्या मागचा अंतरांचा तक्ता

जुन्या डायऱ्यांच्या शेवटी किंवा रस्त्यांच्या नकाशामागे शहरांमधील अंतरांचा तक्ता असे. उभ्या रांगेत मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर आणि आडव्या रांगेतही तीच शहरे. त्या तक्त्याचा अर्धाच भाग भरलेला असायचा, कारण पुणे ते नाशिक जेवढे अंतर तेवढेच नाशिक ते पुणे. तोच आकडा दोनदा छापण्यात शाई वाया जाण्यापलीकडे काही साधत नाही. पुणे ते पुणे या चौकटीत तर लिहिण्यासारखे काहीच नसायचे.

सहसंबंधांचा तक्ता याच धाटणीचा असतो. शहरांच्या जागी येथे ‘चल’ असतात. चल म्हणजे माणसागणिक बदलणारी आणि मोजता येणारी गोष्ट, उदाहरणार्थ वय, कामाचा ताण, कामातील समाधान. दोन चलांच्या चौकटीत अंतराऐवजी त्यांचा सहसंबंध गुणांक लिहिलेला असतो. हा गुणांक −१ आणि +१ यांच्या दरम्यान राहतो. एक चल वाढताना दुसराही वाढत असेल तर तो धन असतो, एक वाढताना दुसरा घटत असेल तर ऋण, आणि एकावरून दुसऱ्याचा सरळ रेषेत काहीच अंदाज येत नसेल तर शून्याच्या जवळ. कोणत्याही चलाचा स्वतःशी असलेला सहसंबंध नेहमी १ असतो, त्यामुळे पुणे ते पुणे या चौकटीप्रमाणेच येथेही कर्णावरची जागा रिकामी पडते. या रिकाम्या जागेचा एक उत्तम उपयोग आहे; त्याकडे लवकरच येऊ.

दोनशे शिक्षकांचे उदाहरण

पुढील सर्व विवेचनासाठी एक उदाहरण घेऊ. यातील आकडे समजावून सांगण्यासाठी मी स्वतः रचलेले आहेत, ते कोणत्याही प्रत्यक्ष पाहणीतील नाहीत. समजा, माध्यमिक शाळांतील २०० शिक्षकांना एक प्रश्नावली दिली. तिच्यात कामाचा ताण, सहकाऱ्यांचा आधार, कामातील समाधान आणि नोकरी सोडण्याचा विचार या चार गोष्टी मोजल्या. प्रत्येक गोष्टीसाठी चार-पाच विधाने दिली आणि ‘अजिबात मान्य नाही’ म्हणजे १ पासून ‘पूर्णपणे मान्य’ म्हणजे ५ पर्यंत गुण ठेवले. एका गोष्टीसाठीच्या अशा विधानसंचाला आपण ‘मापनी’ म्हणू. त्या संचातील उत्तरांची सरासरी हा त्या शिक्षकाचा त्या मापनीवरील गुण. याखेरीज वय आणि लिंग विचारले; लिंगासाठी पुरुष म्हणजे ० आणि स्त्री म्हणजे १ असा संकेत वापरला.

प्रत्येक शिक्षकाची एक ओळ आणि प्रत्येक चलाचा एक स्तंभ, अशी माहिती साध्या स्प्रेडशीटमध्ये भरली, तरी तक्त्याचा मोठा भाग तीन सूत्रांत तयार होतो:

```
=AVERAGE(D2:D201)
=STDEV.S(D2:D201)
=CORREL(D2:D201,F2:F201)
```

एसपीएसएससारखे सॉफ्टवेअर हे एका दमात करते, पण त्याचे छापील उत्तर वाचकासाठी नसते, संशोधकासाठी असते. सहा चलांसाठी ते छत्तीस चौकटींचा पूर्ण चौरस देते आणि बहुतेक प्रत्येक चौकटीत गुणांक, सार्थकता आणि संख्या असे तीन आकडे एकाखाली एक छापते. म्हणजे वाचकापुढे शंभराहून अधिक आकडे येतात. त्यांतील वेगळे आणि उपयोगी गुणांक असतात फक्त पंधरा. तक्ता ‘मांडणे’ म्हणजे हे पंधरा आकडे वेगळे काढून त्यांना योग्य सोबत देणे.

मांडलेला तक्ता

तक्ता १. अभ्यासातील चलांची सरासरी, प्रमाण विचलन, विश्वसनीयता आणि परस्परसहसंबंध

| चल | सरासरी | प्र. वि. | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| १. वय (वर्षे) | ३८.४२ | ८.१५ | — | | | | | |
| २. लिंग | ०.६१ | ०.४९ | −.०८ | — | | | | |
| ३. कामाचा ताण | ३.४२ | ०.७८ | −.०५ | .१५∗ | (.८६) | | | |
| ४. सहकाऱ्यांचा आधार | ३.८१ | ०.६९ | .०९ | .०६ | −.३१∗∗ | (.७९) | | |
| ५. कामातील समाधान | ३.५६ | ०.८१ | .१९∗∗ | −.०४ | −.४६∗∗ | .४२∗∗ | (.८८) | |
| ६. नोकरी सोडण्याचा विचार | २.२४ | १.०२ | −.२७∗∗ | .०३ | .४१∗∗ | −.२९∗∗ | −.६२∗∗ | (.८३) |

टीप : एकूण शिक्षक २००. लिंग : ० = पुरुष, १ = स्त्री. क्रमांक ३ ते ६ या मापन्यांवरील गुण १ ते ५ या दरम्यान. कर्णावर कंसात क्रॉनबाक अल्फा. ∗ सार्थकता पातळी .०५, ∗∗ सार्थकता पातळी .०१ (द्विपुच्छ चाचणी).

या मांडणीत सहज नजरेतून सुटतील अशा काही निवडी आहेत. वरच्या ओळीत चलांची नावे पुन्हा लिहिलेली नाहीत, केवळ क्रमांक आहेत; सहा लांबलचक नावे आडवी बसवण्याच्या नादात पुष्कळ तक्ते पानाबाहेर जातात. चलांचा क्रमही वर्णानुक्रमाने किंवा प्रश्नावलीत ते जसे आले तसा नाही. वय आणि लिंग ही पार्श्वभूमी आधी, मग ज्यांना संशोधक कारणांच्या बाजूचे मानतो ते ताण आणि आधार, मग समाधान, आणि ज्याचे स्पष्टीकरण शोधायचे तो नोकरी सोडण्याचा विचार सर्वांत शेवटी. असा क्रम लावला की सर्वांत खालची ओळ आडवी वाचताच मुख्य प्रश्नाची सगळी उत्तरे एका रेषेत मिळतात. सहसंबंध आणि अल्फा यांच्या आधीचे शून्य गाळलेले आहे, कारण या संख्या सामान्यतः १ च्या पुढे जाऊच शकत नाहीत. प्रमाण विचलनाच्या आधीचे शून्य मात्र ठेवले आहे, कारण ते १ च्या पुढे जाऊ शकते. हा अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखननियमांतील संकेत असून बहुतेक नियतकालिके तो पाळतात.

टिपेतील लिंगाचा संकेत हा तपशील किरकोळ वाटतो, पण तो गाळला तर दुसऱ्या क्रमांकाची ओळ आणि तिचा स्तंभ पूर्ण निरर्थक ठरतात. ०.६१ ही सरासरी म्हणजे ६१ टक्के स्त्रिया, हे संकेत माहीत असेल तरच कळते. आणि ताणाशी असलेला.१५ हा धन आकडा स्त्रियांचा ताण जास्त दाखवतो की पुरुषांचा, हेही त्यावरच ठरते.

कर्णावरचा कंस काय सांगतो?

किराणा दुकानातील काट्यावर तीच साखरेची पिशवी तीनदा ठेवली आणि काट्याने तीनदा वेगवेगळे वजन दाखवले, तर त्या काट्यावर आपण विश्वास ठेवणार नाही. प्रश्नावलीचेही असेच आहे. फरक एवढाच की त्याच शिक्षकाला तोच प्रश्न तीनदा विचारता येत नाही, म्हणून एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळ्या शब्दांत पाच विधाने देतात आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी कितपत जुळतात ते पाहतात. हे जुळणे मोजणारा सर्वांत प्रचलित आकडा म्हणजे क्रॉनबाक अल्फा. ली क्रॉनबाक यांच्या १९५१ च्या लेखामुळे त्याला हे नाव मिळाले. .७० च्या वर असेल तर साधारणपणे चालवून घेतात, .८० च्या वर असेल तर समाधान मानतात. वय आणि लिंग यांच्यासाठी एकेकच प्रश्न आहे, त्यामुळे तेथे अल्फाचा प्रश्नच येत नाही आणि कर्णावर आडवी रेघ येते. या ठिकाणी १ किंवा १.०० लिहिलेले दिसले की संगणकाचा चौरस न वाचता उतरवला आहे, असे खुशाल समजावे.

अल्फा कर्णावरच का लिहायचा, वेगळा स्तंभ का नको? वेगळा स्तंभही चालतो आणि तो अनेक ठिकाणी दिसतो. मला कर्ण पसंत आहे, कारण तेथे अल्फा त्याच्या शेजारच्या सहसंबंधांच्या नजरेसमोर राहतो, आणि या दोहोंचा संबंध घट्ट आहे. काटा हलका-जड दाखवत असेल तर पिशवीचे वजन आणि तिची किंमत यांच्यातील नातेही पुसट दिसते. चार्ल्स स्पीअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवून दिले की मोजमापातील डळमळीतपणामुळे दिसणारा सहसंबंध खऱ्यापेक्षा कमी येतो. समजा, दोन गोष्टींचा खरा सहसंबंध .५० आहे, पण दोन्ही मापन्यांची विश्वसनीयता प्रत्येकी .६० आहे. अशा वेळी तक्त्यात .३० च्या आसपासच आकडा दिसेल. आपल्या तक्त्यात समाधान आणि नोकरी सोडण्याचा विचार यांचा सहसंबंध −.६२ आहे, त्याला दोन अल्फांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे.८५ ने भागले, तर −.७३ हा अंदाज मिळतो. तक्त्यात मात्र −.६२ च लिहावा. दुरुस्त आकडा द्यायचाच असेल तर तो मजकुरात, तसे स्पष्ट सांगून द्यावा.

अल्फा कमी येण्याचे एक कारण इतक्या वेळा आढळते की ते सविस्तर सांगायला हवे. ताणाच्या पाच विधानांपैकी एक उलट्या बाजूचे असते, जसे ‘काम संपवून मी निवांतपणे घरी जातो’. या विधानाला ५ गुण देणाऱ्याचा ताण कमी असतो. म्हणून बेरीज करण्यापूर्वी या विधानाचे गुण `=6-D2` अशा सूत्राने उलटवावे लागतात. हे विसरले, तर आपल्या उदाहरणातला .८६ हा अल्फा घसरून .३८ च्या आसपास येईल. अशा वेळी घाबरून ते विधानच गाळून टाकणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. विधानात दोष नसतो. ते फक्त उलटे टांगलेले असते. अल्फा चक्क ऋण आला, तर पहिला संशय याच गोष्टीचा घ्यावा.

उलट बाजूने, मोठा अल्फा म्हणजे मापनी एकाच गोष्टीची आहे याची हमी नव्हे. वीस विधानांमधील सरासरी सहसंबंध केवळ .२० असला, तरी नुसत्या संख्येच्या बळावर अल्फा .८३ येतो.

सरासरी आणि प्रमाण विचलन कशाला हवे?

सहसंबंध सांगायचा आहे तर त्याच्या शेजारी हे दोन स्तंभ कशाला, असा आक्षेप नेहमी येतो. सरासरी सर्वांना माहीत असते. प्रमाण विचलन म्हणजे माणसे त्या सरासरीभोवती किती पसरलेली आहेत याचे माप. दोन तुकड्यांची सरासरी ६० गुण असू शकते; एकीत सगळे ५५ ते ६५ मध्ये, तर दुसरीत निम्मे काठावर पास आणि निम्मे पंच्याऐंशीच्या आसपास. हा पसरच नसेल, म्हणजे सगळ्यांनी एकच उत्तर दिले असेल, तर सहसंबंध निघू शकत नाही. पसर फारच थोडा असेल तर तो दबलेला निघतो. त्यामुळे एखादा सहसंबंध अपेक्षेहून कमी दिसला, की आधी डावीकडे सरकून त्या चलाचे प्रमाण विचलन पाहावे.

या स्तंभांचा दुसरा उपयोग चुका पकडण्याचा आहे, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. उत्तर न दिलेल्या प्रश्नापुढे ९९ असा आकडा भरण्याची पद्धत आहे. सॉफ्टवेअरला ‘९९ म्हणजे उत्तर नाही’ असे बजावून सांगितले नाही, तर ते त्याला खरे गुण समजते. समजा, दोनशेपैकी फक्त दोन शिक्षकांनी ताणाचे एकेक विधान कोरे सोडले. पाच विधानांची सरासरी काढल्यावर या दोघांचा गुण साडेबावीसच्या आसपास निघेल, पण १९८ जणांच्या गर्दीत तो लपेल आणि सर्वांची सरासरी ३.४२ ऐवजी ३.६१ येईल. ३.६१ पाहून कोणाची भुवई उंचावणार नाही. प्रमाण विचलन मात्र ०.७८ वरून थेट २.०६ वर उडी मारेल. आता १ ते ५ या श्रेणीत शक्य असलेला सर्वांत मोठा पसर म्हणजे निम्मी माणसे १ वर आणि निम्मी ५ वर, आणि तेव्हाही प्रमाण विचलन २ च्या आसपासच राहते. तेव्हा २.०६ हा आकडा स्वतःच चूक कबूल करतो. सरासरी थाप पचवते, प्रमाण विचलन पचवत नाही.

कोऱ्या उत्तरांचा आणखी एक परिणाम असतो. ज्या जोडीसाठी जितकी उत्तरे मिळाली तितकी घेऊन गुणांक काढले, तर एका चौकटीमागे २०० शिक्षक असतात आणि दुसरीमागे १८७. असे केले असेल तर टिपेत ‘संख्या १८७ ते २००’ असे लिहावे.

तारे किती मोजायचे?

तारा म्हणजे सार्थकता. साध्या शब्दांत, या दोन गोष्टींत वास्तवात काहीच संबंध नसता तर निव्वळ नमुन्याच्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा आकडा मिळण्याची शक्यता कमी आहे, ही खूण. ती संबंध किती मोठा हे सांगत नाही, आणि येथेच वर्णने घसरतात. २०० माणसांच्या नमुन्यात .१४ एवढ्या लहान सहसंबंधालाही एक तारा मिळतो. हजार माणसे घेतली तर त्याहून कितीतरी क्षुल्लक आकडेही ताऱ्यांनी चमकू लागतात.

आपल्या तक्त्यातील लिंग आणि ताण यांचा .१५ पाहा. त्याला तारा आहे. पण त्याचा वर्ग केला तर .०२ येतो, म्हणजे ताणातील चढउतारांपैकी सुमारे २ टक्केच लिंगाशी जुळतात. तक्त्यातील प्रमाण विचलने वापरून तो गुणांमध्ये उलगडला, तर स्त्री शिक्षकांची ताणाची सरासरी पुरुषांपेक्षा पाचपैकी सुमारे पाव गुणाने जास्त निघते. शिवाय ९५ टक्के विश्वास-पट्टा, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याला ही माहिती आधार देते तो, .०१ पासून .२८ पर्यंत पसरलेला आहे. याउलट −.६२ चा पट्टा −.७० ते −.५३ असा आहे. त्याचे शून्याजवळचे टोकही ठणठणीत आहे. दोन ओळींत दोन्हींपुढे तारे दिसतात, पण त्यांची लायकी एक नव्हे.

आणखी एक हिशेब मनात ठेवावा. या तक्त्यात पंधरा जोड्या आहेत. त्यांपैकी एकीतही वास्तवात संबंध नसता, तरी .०५ या पातळीवर सरासरीने पाऊण तारा आपोआप उगवला असता. म्हणून एकुलत्या एक ताऱ्यावर, तोही आधी न मांडलेल्या गृहीतकाच्या चौकटीत असेल तर, इमले बांधू नयेत.

मजकुरात काय लिहावे?

बहुसंख्य मसुद्यांत तक्त्याखालचा परिच्छेद असा असतो : ‘वय व लिंग यांचा सहसंबंध −.०८ आहे. वय व ताण यांचा सहसंबंध −.०५ आहे. लिंग व ताण यांचा सहसंबंध .१५ असून तो सार्थ आहे.’ अशी पंधरा वाक्ये. हे तक्त्याचे मोठ्याने वाचन झाले, वर्णन नव्हे. वाचकाला डोळे आहेत. त्याला हवा असतो तो आकड्यांमधला घाट.

तो घाट शोधण्याची माझी रीत अशी. आधी कर्ण पाहायचा आणि मोजमाप भरवशाचे आहे का ते एका वाक्यात सांगायचे. मग सरासरीच्या स्तंभात काही टोकाला गेले आहे का ते पाहायचे. नंतर शेवटची ओळ आडवी वाचायची आणि सर्वांत मोठा, त्याखालचा, असा उतरता क्रम लावायचा. त्यानंतर कारणांच्या बाजूचे चल आपसात किती गुंतलेले आहेत ते पाहायचे, आणि अखेरीस पार्श्वभूमीच्या चलांतील ज्यांची दखल घ्यावी लागेल तेवढ्यांचाच उल्लेख करायचा. अपेक्षेविरुद्ध आलेला आकडा मात्र लपवायचा नाही. या रीतीने आपल्या तक्त्याचा परिच्छेद पुढीलप्रमाणे होईल.

> तक्ता १ मध्ये चलांची सरासरी, प्रमाण विचलन, विश्वसनीयता आणि परस्परसहसंबंध दिले आहेत. चारही मापन्यांची विश्वसनीयता स्वीकारार्ह आहे (अल्फा .७९ ते .८८). शिक्षकांचा ताण श्रेणीच्या मध्यापेक्षा थोडा अधिक असला, तरी नोकरी सोडण्याचा विचार सरासरीने कमी आहे (२.२४), मात्र या चलातील पसर चारही मापन्यांत सर्वाधिक आहे. अपेक्षेप्रमाणे नोकरी सोडण्याच्या विचाराचा सर्वांत प्रबळ संबंध कामातील समाधानाशी असून तो ऋण आहे (−.६२), त्याखालोखाल ताणाशी धन (.४१) आणि सहकाऱ्यांच्या आधाराशी ऋण (−.२९) संबंध आढळतो. ज्यांना अधिक आधार मिळतो ते कमी ताण (−.३१) आणि अधिक समाधान (.४२) नोंदवतात. वय जास्त असलेल्या शिक्षकांत नोकरी सोडण्याचा विचार कमी दिसतो (−.२७), म्हणून पुढील विश्लेषणात वय नियंत्रित केले आहे. लिंगाचा ताणाशी अल्प संबंध आहे (.१५), समाधान किंवा नोकरी सोडण्याचा विचार यांच्याशी त्याचा सार्थ संबंध आढळला नाही.

येथे पंधरांपैकी सात सहसंबंधांचेच आकडे आले आहेत. उरलेल्या आठांच्या आकड्यांना मजकुरात जागा नाही, आणि ते तक्त्यात आहेतच. क्रियापदेही मुद्दाम निवडलेली आहेत. ‘समाधान वाढल्यामुळे नोकरी सोडण्याचा विचार कमी होतो’ असे कोठेही म्हटलेले नाही. सगळी माहिती एका दिवशी, एकाच प्रश्नावलीतून, त्याच माणसांकडून घेतली आहे. नोकरी सोडायचे आधीच ठरवलेल्या शिक्षकाला कामात समाधान वाटेनासे झाले असेल, ही शक्यता या तक्त्याने फेटाळलेली नाही. इतकेच काय, त्या दिवशी शिक्षक वैतागलेला असेल तर तो सगळीच उत्तरे वैतागाने देतो आणि त्यामुळेही आकडे थोडे फुगतात. म्हणून ‘मुळे’ हा शब्द या परिच्छेदात वर्ज्य. सार्थ नसलेल्या आकड्याबद्दल ‘संबंध नाही’ असे न म्हणता ‘सार्थ संबंध आढळला नाही’ असे म्हणण्यामागेही हेच तारतम्य आहे.

‘प्रबळ’, ‘मध्यम’, ‘अल्प’ ही विशेषणे कोणत्या आकड्यापासून लावायची, याची पक्की कोष्टके पाठ्यपुस्तकांत सापडतात, पण ती जपून वापरावीत. प्रश्नावलीतील दोन भावनांमध्ये .३० मिळणे ही रोजची गोष्ट आहे. प्रश्नावलीतील भावना आणि वर्षभराने प्रत्यक्ष दिलेला राजीनामा यांच्यात.३० मिळाला, तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट आहे.

‘पुढे प्रतिगमन करणारच आहे, मग हा तक्ता हवाच कशाला?’

हा आक्षेप मार्गदर्शकांकडूनही ऐकू येतो. प्रतिगमन म्हणजे एका चलाचा अंदाज अनेक चलांवरून एकाच वेळी बांधण्याची पद्धत. ती अधिक प्रगत आहे, तेव्हा साधे सहसंबंध कशाला, असा त्यामागचा विचार असतो. पण प्रतिगमनाचे आकडे त्यात कोणकोणते चल घेतले यावर बदलतात, तर तक्ता १ मधील आकडे तसे बदलत नाहीत. शिवाय या एका तक्त्यावरून परका वाचक लेखकाचे प्रतिगमन स्वतः करून पाहू शकतो, तेही मूळ माहितीची फाइल न मागता.

करूनच पाहू. नोकरी सोडण्याच्या विचाराचा अंदाज समाधान आणि ताण या दोघांवरून बांधायचा आहे. त्यासाठी तीनच आकडे लागतात : −.६२, .४१ आणि त्या दोघांतला −.४६. ताणाचा स्वतंत्र वाटा काढण्यासाठी .४१ मधून −.६२ आणि −.४६ यांचा गुणाकार, म्हणजे .२८५, वजा करायचा, उरतो.१२५. त्याला १ वजा .४६ चा वर्ग, म्हणजे .७८८, याने भागायचे. उत्तर येते .१६; यालाच ताणाचा प्रमाणित गुणांक म्हणतात. म्हणजे समाधान हिशेबात घेतले की ताणाचा .४१ हा भारदस्त आकडा निम्म्याहून खाली उतरतो, कारण त्यातला बराचसा भाग समाधानाशी सामाईक होता. त्याच रीतीने समाधानाचा वाटा −.५५ येतो. त्याला १.०२ ने गुणून ०.८१ ने भागले, म्हणजे तक्त्यातील दोन प्रमाण विचलने वापरली, की प्रश्नावलीच्या भाषेतले उत्तर मिळते : ताण सारखाच असलेल्या दोन शिक्षकांत समाधान एका गुणाने जास्त असेल, तर नोकरी सोडण्याचा विचार सुमारे ०.६९ गुणाने कमी असतो. प्रमाण विचलनांचा स्तंभ गाळला असता, तर ही शेवटची पायरी शक्य नव्हती. अनेक अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढणाऱ्या संशोधकांनाही प्रत्येक निबंधातून नेमके हेच आकडे हवे असतात.

दोन दशांशांपर्यंतच आकडे दिलेले असल्याने अशा पडताळ्यात .०१ चा फरक पडू शकतो, तो सोडून द्यावा. पण लेखकाने आपल्या तक्ता २ मध्ये हेच दोन चल घेऊन ताणाचा प्रमाणित गुणांक .३८ छापला असेल, आणि तक्ता १ वरून तो .१६ निघत असेल, तर दोन्ही तक्ते एकाच माहितीतून आलेले नाहीत : कोठेतरी शिक्षकांची संख्या बदलली आहे, एखादे विधान उलटवायचे राहिले आहे, किंवा स्तंभांची अदलाबदल झाली आहे.